आर्गॉन२ची मेमरी किती ठेवावी? आधी लॉगिनची गर्दी मोजा

प्रश्न: "आर्गॉन२आयडीसाठी m, t आणि p किती ठेवू? सर्व्हर ४ कोअर, ८ जीबी. लॉगिनला अर्धा सेकंद लागला तरी चालेल."

अर्धा सेकंद कोणाचा? रिकाम्या मशीनवर एकट्याने लॉगिन करणाऱ्याचा, की सकाळी दहाला सगळे एकदम आल्यावर शेवटच्याचा? यावरून माझं एका सीनियरशी चांगलंच वाजलंय, म्हणून लिहितोय.

एका पतसंस्थेचं पोर्टल होतं, तुमच्याएवढंच मशीन, डेटाबेसही त्यावरच. साहेबांनी m=262144, t=3, p=4 ठरवलं, म्हणजे एका हॅशला २५६ एमबी. त्यांच्या लॅपटॉपवर पाव सेकंदात व्हायचं, मग काय प्रश्नच मिटला. मी म्हटलं, वीस जण एकदम आले तर ५ जीबी लागेल. उत्तर मिळालं, "सुरक्षिततेत काटकसर नको."

कर्मचारी दहाला कामावर येतात, सगळे एकाच वेळी लॉगिन करतात. पहिल्याच सोमवारी ॲप गेलं. लॉगमध्ये काही नाही, एररही नाही, प्रोसेसच गायब. `dmesg` पाहिलं तर `Out of memory: Killed process` ही ओळ. कर्नलने मारलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. घाईघाईने m कमी केला, रीस्टार्ट केलं, आणि ॲप पुन्हा मेलं. कारण पडताळणी कॉन्फिगमधल्या आकड्यांनी होत नाही, साठवलेल्या हॅशमधल्या आकड्यांनी होते:

```
$argon2id$v=19$m=262144,t=3,p=4$...
```

जुना हॅश तपासायचा तर २५६ एमबी लागणारच. मला दिवसभर जे वाचवलं ते सेमाफोरने: एका वेळी दोनच हॅश, बाकीचे रांगेत. मेमरी तिथल्या तिथे ५१२ एमबीवर अडकली. ही मर्यादा प्रत्येक वर्करला वेगळी धरू नका. चार वर्कर असतील तर दोनाचे आठ होतात. मग जसजसे लोक लॉगिन करत गेले तसतसे `check_needs_rehash` पाहून हॅश नव्या आकड्यांनी बदलले.

आता तुमचा हिशेब. मेमरीच्या आधी प्रोसेसर संपतो, हे लोक विसरतात. चारपैकी दोन कोअर हॅशिंगला द्या, बाकीचे ॲपला. गर्दीच्या वेळी सेकंदाला १५ लॉगिन येत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २ भागिले १५, म्हणजे सुमारे १३३ मिलिसेकंद येतात. तेवढं पूर्ण वापरलंत तर रांग वाढतच जाईल, म्हणून १००च धरा. साहेबांच्या आकड्यांना चार थ्रेड मिळून एका लॉगिनला पाऊण-एक सेकंद प्रोसेसर लागत होता. मेमरी पुरली असती तरी मशीन बसलंच असतं.

p १ ठेवा. एकाच हॅशला चार थ्रेड दिले की तो एकटा लवकर संपतो, पण गर्दीत सगळे कोअर आधीच गुंतलेले असतात, त्यामुळे एकूण लॉगिन वाढत नाहीत. t ३ धरा आणि वेळ १०० मिलिसेकंदांना टेकेपर्यंत m वाढवत न्या:

```
python -m argon2 -t 3 -m 32768 -p 1
```

आमच्याकडे हा ३२ एमबीचाच आकडा बसला. मोजताना ही कमांड दोन टर्मिनलमध्ये एकदम चालवा. हॅश मेमरीची वाहतूक खातो, त्यामुळे जोडीने चालताना प्रत्येकजण जरा मंदावतो. एकट्याचा आकडा फसवा असतो.

"३२ एमबी म्हणजे कमकुवत" असं साहेब अजूनही म्हणतात. बीक्रिप्टला जेमतेम ४ केबी लागतात आणि त्यावर वर्षानुवर्षं जग चाललंय. ओवॅस्पच्या शिफारशींतही १९ एमबी, t=2, p=1 हा पर्याय आहे. आरएफसी ९१०६मधला २ जीबीचा पर्याय तुमच्या मशीनसाठी नाही; त्यातच कमी मेमरीसाठी ६४ एमबी, t=3, p=4 दिलेलं आहे, ते त्यांनी वाचलं असतं तर.

दोन गोष्टी राहिल्या. लॉगिनवर आयपीनुसार आणि खात्यानुसार मर्यादा हॅशच्या आधी लावा, नाहीतर कोणीही चुकीचे पासवर्ड पाठवून तुमची रांग भरून टाकेल. आणि ॲप कंटेनरमध्ये असेल तर `free -m` यजमान मशीनची मेमरी दाखवतो. तुमची मर्यादा सीग्रुपची असते, हिशेब तिच्यावर करा. १५ लॉगिन हा माझा आकडा आहे, तुमचा ॲक्सेस लॉगमधून काढा. तो दोन निघाला तर ६४ एमबी खुशाल ठेवा.