टीव्ही घ्यायचाय. दुकानात जाण्याआधी बजेट नेमकं कसं ठरवायचं?

आकडा आधी ठरवूच नका. घरात टीव्ही कोण, काय आणि कुठे बसून बघतं ते कागदावर महत्त्वाच्या क्रमाने लिहा. प्रत्येक गरजेपुढे ती किती किमतीत भागते ते मांडा. वरच्या दोन-तीन गरजा जिथे भागतात, ते तुमचं बजेट.

यावरून माझं आणि दादाचं चांगलंच वाजलं होतं. त्याचं म्हणणं, "चाळीस हजार आहेत ना, मग त्यात बसेल तो सगळ्यात मोठा घे." म्हणजे ५५ इंची. अरे, पण बघणार कोण? आमच्याकडे टीव्ही सगळ्यात जास्त आई बघते, केबलवरच्या मालिका. तिला कमी ऐकू येतं आणि ती बसते दिवाणावर, टीव्हीच्या अगदी बाजूला. म्हणून यादीत पहिलं, संवाद स्पष्ट ऐकू यावेत. दुसरं, चित्र बाजूनेही नीट दिसावं. पोरांचं यूट्यूब आणि मॅच तिसऱ्या नंबरवर. आकार त्यानंतर.

मग किमती बघितल्या. ४३ इंची फोर-के साधारण पंचवीस हजार, ५५ इंची चाळीसच्या आसपास. पण पातळ टीव्हीचे स्पीकर दोन्हींत खाली नाहीतर मागे तोंड करून असतात. पंधरा हजार जास्त मोजूनही पहिली गरज तिथेच राहते. ती भागते सहा-सात हजारांच्या साउंडबारने. बाजूने दिसणं पॅनेलवर, म्हणजे पडद्याच्या प्रकारावर असतं, आकारावर नाही. आयपीएस पॅनेल बाजूनेही रंग टिकवतं, व्हीए फिकं पडतं, मात्र अंधारात व्हीएचा काळा रंग जास्त चांगला. दोन्ही प्रकार एकाच किमतीत मिळतात. झालं, ४३ इंची आणि साउंडबार मिळून बत्तीस हजार. तेच बजेट, आणि तेवढेच खर्च केले.

दादा अजून म्हणतो, छोटा घेतलास. त्याला माझं उत्तर तेच आहे: आमचं केबल पॅक एसडी आहे, ५७६ ओळींचं चित्र. ते ५५ इंचांवर ताणलं की चेहरे पुसट दिसतात. पैसे कोण देतं यावर यादीचा क्रम ठरत नाही, सगळ्यात जास्त वेळ समोर कोण बसतं यावर ठरतो.

हां, तुमच्याकडे केबल नसेल, फोर-के सिनेमेच बघत असाल आणि सोफा भिंतीपासून नऊ-दहा फुटांवर असेल, तर आकार यादीत वर जाईल आणि ५५ इंचीच घ्या. साउंडबार घेणार असाल तर टीव्हीचा आवाज त्याच्याकडे नेणारा एचडीएमआय एआरसी पोर्ट टीव्हीला आहे ना ते बघा. आणि जुन्या रिव्ह्यूंमधल्या किमती धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.