बिल आहे, तरी फोन बंद का?

«वकीलसाहेब, परदेशातून येताना तिथल्या दुकानातून रीतसर बिल घेऊन नवा फोन आणला. विमानतळावर ग्रीन चॅनेलमधून बाहेर पडलो, कुणी अडवलं नाही. दोन महिने फोन चालला. आता सिमला नेटवर्क नाही, वायफाय मात्र चालतं. दुकानदार म्हणतो, कर भरा. एकदा तिथे कर भरलाय, मग पुन्हा का? आणि माझाच फोन बंद कसा करतात?»

तुमच्याकडचं बिल मालकी सिद्ध करतं. फोन देशात कायदेशीररीत्या आला, हे त्यातून सिद्ध होत नाही. तिथे दुकानात भरलेला कर त्या देशाचा. आपल्या सीमेवर लागतो तो आयातीचा कर. शिवाय ग्रीन चॅनेलमधून बाहेर पडणं हेच कायद्याच्या नजरेत ‘माझ्याकडे करपात्र काही नाही’ असं निवेदन असतं. कुणी अडवलं नाही म्हणजे माफी मिळाली, असं होत नाही.

मग दोन महिन्यांनी हे कळलं कसं? प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. फोन नेटवर्कला जोडला जातो तेव्हा कंपनीला सिमबरोबर हा क्रमांकही कळतो. काही देशांत आयातदारांनी कर भरून आणलेल्या फोनांचे क्रमांक एका मध्यवर्ती यादीत असतात. यादीत नसलेला फोन लगेच तोडत नाहीत, मुदत देतात. तुर्कस्तानात ती १२० दिवसांची आहे, पाकिस्तानात ६० दिवसांची. मुदत संपली की नेटवर्क जातं. वायफायला ही यादी लागतच नाही, म्हणून ते चालू राहतं.

पण कर भरण्याआधी बंदी कशामुळे आहे ते पक्कं करा, कारण चुकीच्या दुखण्यावर पैसे भरले तर ते वाया जातात. फोनमध्ये एखाद्या परदेशी कंपनीचं रोमिंग सुरू असलेलं सिम घालून पाहा. ते चाललं आणि इथलं एकही सिम चाललं नाही, तर बहुधा नोंदणीचाच प्रश्न आहे, कारण अशा व्यवस्थांत पाहुण्यांच्या सिमला सहसा सूट असते. तेही चाललं नाही, तर फोन चोरीच्या यादीत असू शकतो; तिथे कर भरून काही सुटत नाही, विकणाऱ्याला गाठावं लागतं. आणि पडद्यावर ‘हे सिम चालणार नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर फोन विकणाऱ्या नेटवर्क कंपनीचं कुलूप असेल. ते कुलूप त्याच कंपनीकडून उघडून घ्यावं लागतं. तिन्हींत फोन सारखाच ‘मेलेला’ दिसतो, म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांची इथेच गल्लत होते.

आता कराची आकारणी. प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंत सूट असते; ती ओलांडली की काय होतं, ते देशागणिक बदलतं. समजा, सूट ६० ची आहे आणि फोन १०० चा. भारताच्या पद्धतीत वरच्या ४० वर शुल्क लागतं. युरोपीय संघात विमानाने येणाऱ्याला ४३० युरोंची सूट आहे, पण एका वस्तूची किंमत तोडता येत नाही. फोन मर्यादेपलीकडे गेला की अख्ख्या १०० वर आकारणी. तिथे स्मार्टफोनवर सीमाशुल्क शून्य आहे, तरी मूल्यवर्धित कर भरावाच लागतो. ‘ड्यूटी नाही’ हे ऐकून माणसं फसतात ती इथे. तुर्कस्तानात तर प्रवाशाने आणलेल्या फोनसाठी किमतीशी संबंध नसलेलं ठोक शुल्क आहे. स्वस्त फोनलाही तेच.

तुम्ही करायचं ते असं. डायलपॅडवर *#06# टाका. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक दिसतील, दोन्ही लिहून घ्या. एकाचीच नोंद केली तर दुसऱ्या सिमचा खाना बंद राहू शकतो. पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का, बोर्डिंग पास आणि बिल एकत्र ठेवा, कारण मुदत आणि सूट दोन्ही तुमच्या त्या प्रवासाला बांधलेल्या असतात. मुदत आगमनापासून मोजतात की इथलं सिम पहिल्यांदा घातलं त्या दिवसापासून, हे सिम कंपनीला लेखी विचारा. काही दिवसांच्या फरकावर नोंदणीचा हक्क टिकतो किंवा जातो. मग स्वतःहून सीमाशुल्क कार्यालयात जाऊन जाहीर करा. आपणहून गेलेल्याला सहसा कर आणि थोडा दंड यांवर सुटका मिळते. पकडलं गेल्यावर जप्तीचीही तरतूद असते. पैसे सरकारी खात्यातच भरा आणि पावतीवर दोन्ही आयएमईआय आहेत ना, ते तिथेच वाचून पाहा.

दुकानदाराने ‘क्रमांक बदलून देतो’ म्हटलं, तर तत्काळ नकार द्या. ती पळवाट नाही, गुन्हा आहे. भारतात २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आज तुमच्यावर फक्त कराची थकबाकी आहे आणि ती फेडता येते.