घरात बाळ आल्यापासून थोरला परत लहान झाल्यासारखा वागतोय, काय करावं?

प्रश्न: माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. अडीच महिन्यांपूर्वी त्याला बहीण झाली. वर्षभर स्वतःहून शू-शीला जाणारा मुलगा आता दिवसातून तीन-चारदा चड्डी ओली करतो, दुधाची बाटली मागतो, बोबडं बोलतो आणि कोणी बघत नसलं की बाळाला चिमटा काढतो. समजावून झालं, रागावून झालं, बक्षीस देऊन झालं. मुद्दाम करतोय का? काय करू?

उत्तर:

मुद्दाम नाही. हे मला कसं कळलं ते सांगतो.

आमची थोरली पावणेचार वर्षांचीच होती, धाकटा झाला तेव्हा. बायको बाळंतपणाला माहेरी गेली, आणि शाळा बुडायला नको म्हणून पोरीला आम्ही माझ्याकडे आणि आजीकडे ठेवलं. आज विचाराल तर ती आमची पहिली चूक. महिनाभर आई दिसली नाही आणि दिसली ती कुशीत दुसरं पोर घेऊन. घरी आल्यावर आठवडाभरात चड्ड्या ओल्या व्हायला लागल्या. मी रागावलो. मग कॅलेंडरवर चांदण्या चिकटवायचं ठरवलं, कोरडा दिवस गेला की एक चांदणी. दोन मिळाल्या, तिसऱ्या दिवशी हुकली. त्यानंतर चड्ड्या ओल्या व्हायच्या बंद झाल्या, असं आम्हाला चार दिवस वाटलं. पाचव्या दिवशी खोलीत वास यायला लागला म्हणून शोधलं, तर भातुकलीच्या डब्यात, कुकर आणि पोळपाटाच्या खाली, तीन ओल्या चड्ड्या घड्या घालून ठेवलेल्या. मुद्दाम करणारं पोर लपवत नाही. त्या घड्या बघून माझा राग गेला तो गेलाच.

त्या दिवसापासून शू हा विषय आम्ही घरात बोलायचा थांबवला. बाथरूममध्ये एक बादली ठेवली, खालच्या खणात तिच्या हाताला येतील अशा कोरड्या चड्ड्या. ओली झाली की बादलीत टाकायची, दुसरी घालायची. ना शाबासकी, ना ‘परत केलीस?’ आणि ‘शू आली का?’ असं दर अर्ध्या तासाला विचारणंही बंद, कारण उत्तर कायम ‘नाही’ असतं. त्याऐवजी ठरलेल्या वेळा: उठल्यावर, जेवण झाल्यावर, बाहेर पडताना. विचारायचं नाही, नुसतं ‘चल’ म्हणून सोबत जायचं. रात्रीच्या अंथरुणाची काळजी तर सोडूनच द्या. पाच वर्षांपर्यंत ते सर्रास असतं. मेणकापड घाला आणि झोपा.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली, तुम्ही लवकर तपासा: तो शी रोज आणि मऊ करतोय का? बाटली परत सुरू झाल्यामुळे आमची पोरगी दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध पीत होती आणि जेवत काहीच नव्हती. शी कडक झाली, दुखायला लागली, म्हणून ती दाबून ठेवायला लागली. डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं, आतड्यात साठलेली शी मूत्राशयाला दाबतेय, त्यामुळे शू धरवत नाहीये. शी मऊ करणारं औषध बरेच दिवस दिलं, दूध दोन कपांवर आणलं, कमोडवर बसताना पायाखाली पाट ठेवला, कारण पाय लोंबकळत असले की मुलांना जोर लावता येत नाही. निम्म्या ओल्या चड्ड्या तिथेच कमी झाल्या. म्हणजे आम्ही ज्याला हेवा म्हणत होतो, त्यातला निम्मा भाग बद्धकोष्ठ होता.

आता मूळ गोष्ट. बाळ आलं की सगळ्या घरांत एकच वाटणी होते: बाळ आईकडे, थोरलं बाबाकडे. मी पोरीला बागेत न्यायचो, आइस्क्रीम द्यायचो, गोष्टी सांगायचो, आणि ती घरी येऊन आईच्या मांडीवरून बाळाला ढकलायची. साहजिक आहे. तिला बाग नको होती. तिच्या हिशेबात आई गेली आणि भरपाई म्हणून बाबा मिळाला, आणि बाबा तर तिच्याकडे आधीपासून होताच. म्हणून आम्ही वाटणी उलटी केली. बाळ माझ्याकडे, पोरगी आईकडे. रोज, पंधरा मिनिटं.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या घरात हे कसं जमवायचं? दर दोन-तीन तासांनी पाजायचं असतं, तेव्हा वेळ पाजल्यानंतरचीच धरायची. संध्याकाळी सातला बायको पाजून बाळ माझ्या खांद्यावर द्यायची, मी ढेकर काढत गॅलरीत जायचो. आत दार लोटून त्या दोघी, मोबाइल माझ्या खिशात. काय करायचं ते पोरीने ठरवायचं. त्या वेळेला नावही होतं, ‘आमचा क्लब’. बायकोचं सिझेरियन झालेलं, दीड महिना पोरीला उचलायची मनाई होती. त्यावर उपाय म्हणून आई जमिनीवर गादी टाकून बसायची आणि पोरगी स्वतः मांडीवर चढायची. ‘मला उचल’ला ‘नको, पोटाला लागेल’ यापेक्षा ‘ये, चढ’ हे कितीतरी बरं.

पहिले चार-पाच दिवस ती त्या पंधरा मिनिटांत फक्त चिडचिड करायची. खेळणी फेकायची, आईला मारायची. बायको म्हणाली, ‘हे काय उपयोगाचं? वेळही गेला आणि मारही खाल्ला.’ पण साठलेलं तिथेच बाहेर येतं, म्हणून चालू ठेवलं. आठव्या-नवव्या दिवशी ती नुसती मांडीवर पडून राहिली. आणि संपवणंही रोज सारखंच: घड्याळाचा गजर, एक घट्ट मिठी, मग हात धुऊन जेवायला. खेळ रंगलाय म्हणून एखाद दिवशी वेळ वाढवलीत, तर दुसऱ्या दिवशी संपवताना रडारड ठरलेली.

मध्येच बाळ रडलं तर? इथे एक छोटी युक्ती आहे. आधी पोरीला दिवसातून पन्नासदा ऐकू यायचं, ‘थांब, बाळ झोपलंय’, ‘थांब, बाळाला पाजतेय’. थांबायचं कायम तिनेच. आता गॅलरीत बाळ कुरकुरलं की बायको आतून मोठ्याने म्हणायची, ‘थांब रे राजा, आत्ता ताईची वेळ आहे!’ बाळाला काही कळत नाही आणि ते माझ्या खांद्यावरच असतं. पण पोरीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

लहान व्हायचंय तर होऊ द्या. एकदा तिने पाळण्यात झोपायचा हट्ट धरला. पाळण्यात नाही, पण बायकोने तिला बाळाच्या दुपट्यात जमेल तेवढं गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि ‘जो जो’ म्हटलं. दोन मिनिटं डोळे मिटून पडली, मग उठून म्हणाली, ‘आता मला पोळी आणि गूळ पाहिजे. बाळांना दात नसतात.’ बोबडं बोलण्यालाही आम्ही ‘नीट बोल’ म्हणणं सोडलं, नेहमीच्या बोलण्यात उत्तर द्यायचो. बाटलीला मात्र एक मर्यादा: दिवसा, मांडीवर बसून. रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवू नका, दात किडतात.

चिमट्याचं वेगळं. तिथे गोडीगुलाबी नाही. हात धरायचा, ‘बाळाला लागतं, मी मारू देणार नाही’ एवढं एक वाक्य, आणि मध्ये बसायचं. ‘सॉरी म्हण, पापी घे’ असं करायला लावू नका, तो पापी घेताना चावेल. मी एकदा सरळ विचारलं, ‘तुला वाटतं का, ह्याला परत दवाखान्यात ठेवून यावं?’ ती म्हणाली, ‘हो. उद्या.’ मी म्हटलं, ‘कंटाळा येतो ना त्याचा. पण तो इथेच राहणार आहे.’ ती थोडी रडली आणि खेळायला गेली. मनातलं बोलून टाकायला मिळालं की चिमटे कमी होतात, हा माझा अनुभव. तरी दोघांना एका खोलीत एकटं सोडू नका, गॅस बंद करायला जाण्यापुरतंसुद्धा नाही. आमचं बाळ पाळण्यात असताना ही ‘झोका देते’ म्हणून असा हिसका द्यायची की पाळणा भिंतीला लागायचा.

आणि पाहुणे. ‘आता तुझे लाड संपले हं’, ‘वाटेकरी आला बघ’. आमच्याकडे तर थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, त्यामुळे बारशाला एका काकूंनी थट्टेत म्हटलं, ‘आता तुला कोण विचारतंय?’ पोरं थट्टा खरी मानतात. त्यानंतर येणाऱ्याला मी दारातच सांगायचो, आधी हिच्याशी बोला, मग ती तुम्हाला बाळ दाखवेल. आजीला वाईट वाटलं, पण ऐकलं. ‘तू आता मोठी झालीस’ हे वाक्यही घरातून काढून टाका. मोठं होण्यात तिला आत्ता फक्त तोटा दिसतो.

दिवसाच्या चड्ड्या कोरड्या व्हायला आम्हाला साधारण दोन महिने लागले, मध्ये सर्दी-तापात परत घसरगुंडी झाली. तुमच्याकडेही महिन्याभरात थोडा तरी फरक दिसायला हवा. शू करताना आग होत असेल, ताप असेल, चड्डीला शी लागत असेल, किंवा येत असलेले शब्दच खरोखर विसरत असेल (लाडाने बोबडं बोलणं वेगळं), तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि खूप तहान, सारखी भरपूर शू आणि वजन उतरणं हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी, कारण तो मधुमेह असू शकतो.

एक पूर्वसूचना देऊन ठेवतो. सगळं सुरळीत झाल्यावर, बाळ सात-आठ महिन्यांचं होऊन रांगायला लागलं की दुसरी फेरी येते. तोवर ते नुसतं पडून असतं, आता ते तिच्या वस्तूंना हात लावतं. आमच्याकडे धाकट्याने भातुकलीतला पोळपाट तोंडात घातला आणि घर डोक्यावर घेतलं गेलं. तेव्हा आम्ही डायनिंग टेबलाचा अर्धा भाग तिला देऊन टाकला. बाळाचा हात पोचत नाही, ‘त्याला दे ना, लहान आहे’ म्हणायची कोणाला परवानगी नाही. वर्षभर आम्ही उरलेल्या अर्ध्या टेबलावर जेवलो.