‘मस्ट’चा ‘हॅड टू’ केव्हा होतो आणि ‘शुड’ तसाच का राहतो

प्रश्न : “माझी मुलगी सोलापुरात मराठी माध्यमातून दहावीला आहे. अप्रत्यक्ष कथन करताना ‘कॅन’चा ‘कुड’ आणि ‘मस्ट’चा ‘हॅड टू’ करायचा, पण ‘शुड’ला हात लावायचा नाही, असे तिला शिकवले आहे. असा भेद का? आणि ‘मस्ट’ नेहमीच बदलायचा का?”

इंग्रजीत सांगणाऱ्याचे क्रियापद भूतकाळात असले, म्हणजे ‘ही सेड’ असे आले, की सांगितलेल्या वाक्यातले क्रियापदही साधारणपणे एक पायरी मागे सरकते. ‘कॅन’ला मागे सरकायला स्वतःचे जुने भूतकाळी रूप आहे, ते म्हणजे ‘कुड’. ‘शुड’ हे मुळात ‘शॅल’चे भूतकाळी रूप असल्यामुळे तो आधीपासूनच त्या मागच्या पायरीवर उभा आहे; त्याला आणखी कुठे नेणार? ‘मस्ट’ हेही प्राचीन इंग्रजीतल्या एका क्रियापदाचे भूतकाळी रूप होते, पण त्याला वर्तमानकाळी अर्थ चिकटला आणि मूळ वर्तमानरूप प्रचारातून गेले. त्यामुळे आजच्या ‘मस्ट’ला स्वतःचे भूतकाळी रूप उरलेले नाही, आणि ते ‘हॅव टू’कडून उसने घ्यावे लागते.

आपल्या मुलांना हे अवघड जाते, कारण मराठीत ही पायरीच नाही. ‘तो म्हणाला, की मला येता येईल’ असे आपण बोलणाऱ्याचे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे ठेवतो. सोलापुरात तर ‘उद्या येतो म्हणून सांगितला’ असे घरोघरी ऐकू येते, आणि शेजारच्या तेलुगूत ‘अनि’, कन्नडमध्ये ‘अंत’ लावून हेच काम होते. वाक्य अखंड ठेवून शेवटी खूण लावायची, ही इथल्या तिन्ही भाषांची सवय आहे.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्याचा मालक कामगाराला सांगतो : ‘आय कॅन गिव्ह यू टू लूम्स. यू शुड चेक द यार्न. यू मस्ट फिनिश द चादर्स बाय फ्रायडे.’ कामगार नंतर हे सांगतो, तेव्हा ते असे होते : ‘ही सेड दॅट ही कुड गिव्ह मी टू लूम्स, दॅट आय शुड चेक द यार्न, अँड दॅट आय हॅड टू फिनिश द चादर्स बाय फ्रायडे.’

या शेवटच्या तुकड्याचा अर्थ मुले हमखास ‘मला चादरी पूर्ण कराव्या लागल्या’ असा लावतात, आणि खरी चूक इथे होते. मराठीत ‘कराव्या लागल्या’ म्हटले, की काम झालेच, असे ऐकणारा धरून चालतो. अप्रत्यक्ष कथनातला ‘हॅड टू’ तसे काहीच सांगत नाही. चादरी झाल्या की नाहीत, हे त्या वाक्यात नाही. त्याचा नेमका अर्थ ‘पूर्ण केल्याच पाहिजेत, असे तो म्हणाला’ एवढाच आहे. ‘शुड’बाबत उलट्या बाजूने घसरण होते. वाक्य भूतकाळात न्यायचे म्हणून मुले ‘शुड हॅव चेक्ड’ लिहितात, पण त्याचा अर्थ ‘सूत तपासायला पाहिजे होते’ असा होतो, म्हणजे तपासले नाही अशी तक्रार. मालकाने तक्रार केलेली नव्हती, सूचना दिली होती.

‘मस्ट’ नेहमी बदलायचा का, याचे उत्तर शोधायला मराठीच उपयोगी पडते, कारण ‘मस्ट’चे जे दोन अर्थ इंग्रजीत एकाच शब्दात दडलेले आहेत, ते आपण बहुधा वेगळे बोलतो. वाक्य मराठीत करून पाहावे. ‘पाहिजे’ आले आणि त्याजागी ‘असणार’ बसत नसेल, तर सक्ती आहे आणि ‘हॅड टू’ चालेल. ‘असणार’ बसले, तर अंदाज आहे आणि ‘मस्ट’ तसाच ठेवावा. ‘यू मस्ट बी टायर्ड’ म्हणजे ‘तुम्ही दमला असणार’. त्याचे ‘ही सेड दॅट आय मस्ट बी टायर्ड’ असेच होते. तिथे ‘हॅड टू बी’ घातले, तर दमणे हे जणू माझे कर्तव्य ठरते.

सक्तीच्या अर्थानेही ‘ही सेड दॅट आय मस्ट फिनिश’ हे इंग्रजीत चूक नाही, विशेषतः तो नियम अजून लागू असेल तर. परीक्षेत मात्र शिकवल्याप्रमाणे ‘हॅड टू’ लिहिणे सुरक्षित, असे माझे मत आहे.

नकारात मात्र हा नियम सोडावा. ‘यू मस्ट नॉट टच द मशीन’ म्हणजे हात लावायचा नाही. त्याचे ‘डिड नॉट हॅव टू टच’ केले, तर ‘हात लावण्याची गरज नव्हती’ असा अर्थ होऊन मनाईच नाहीशी होते, आणि ‘हॅड नॉट टू’ ही रचना तर आजच्या इंग्रजीत खटकते. म्हणून इथे ‘ही सेड दॅट आय मस्ट नॉट टच द मशीन’ असेच ठेवावे, किंवा ‘ही टोल्ड मी नॉट टू टच द मशीन’ असे सरळ लिहावे.