सगळेच हसरा चेहरा रंगवतात तेव्हा

ताई, आपलं लेखन आपणच तपासून वहीत चेहरा रंगवायला सांगितलं, की पहिलीची मुलं सुरुवातीला सगळीकडे हसराच चेहरा रंगवतात, कारण ‘छान जमलं का?’ या प्रश्नात त्यांना शाबासकी दिसते. प्रश्न डोळ्यांनी तपासता येईल असा ठेवा: ‘दोन शब्दांमध्ये बोटाएवढी जागा सोडली का?’ सगळीकडे सोडली तर हसरा, काही ठिकाणी सोडायची राहिली तर सरळ ओठांचा. तिसरा रडका नको, मुलं तो टाळतातच. मी तिथे हात वर केलेला चेहरा काढते, म्हणजे ‘मदत हवी’.

रंगवण्याआधी वहीवर बोट ठेवून बघायला सांगा. माझ्या वर्गातली एक मुलगी अशी बघत बघत ‘आईघरी’पाशी थांबली आणि आपणहून सरळ ओठांचा चेहरा रंगवला. या चेहऱ्यांना गुण मात्र देऊ नका, नाहीतर पुन्हा सगळे हसरेच.