दादरचा पूल आणि 'दम लागणे'

प्रश्न: "धावत जाऊन लोकल पकडली की आपण 'दम लागला' म्हणतो. जिममधला ट्रेनर म्हणतो, तेवढ्याशा धावण्यात ऑक्सिजन लागतच नाही, फॉस्फोक्रिएटिन खर्च होतं. मग 'दम लागला' चूक का?"

चूक मुळीच नाही. दम लागतो कधी ते आठवा. खरी धाप धावताना नाही, डब्यात चढून दांडा पकडल्यावर लागते.

स्नायू चालतो एटीपी या रेणूवर. त्याच्यावर तीन फॉस्फेट असतात. त्यांतलं एक सुटलं की ऊर्जा मिळते आणि मागे एडीपी उरतो. तयार एटीपीचा साठा इतका तुटपुंजा, की जीव खाऊन धावलात तर तो २-३ सेकंदच पुरेल. तरी पाय थांबत नाहीत, कारण त्याच पेशीत एटीपीच्या तीन-चार पट फॉस्फोक्रिएटिन असतं. क्रिएटिन कायनेज नावाचं विकर त्यातलं फॉस्फेट काढून थेट एडीपीला जोडतं, की पुन्हा एटीपी तयार. काम एका पायरीत होतं, म्हणून इतकं झटपट. त्याला ऑक्सिजन लागत नाही. इथवर ट्रेनर बरोबर आहे. फक्त त्याच वेळी साखर मोडूनही एटीपी बनू लागतं, हे त्याने सांगायला हवं होतं. (फॉस्फोक्रिएटिन १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये सापडलं, आणि शोधणाऱ्या जोडीत सायरस फिस्केबरोबर आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हे फार कमी जणांना ठाऊक असतं.)

आता दादरला पूल उतरून सहा सेकंद सुसाट धावलात असं धरा. मांडीतलं फॉस्फोक्रिएटिन साधारण निम्म्यावर येतं. ते भरून काढायचं तर पुन्हा एटीपीच खर्चावं लागतं, आणि हे एटीपी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, ऑक्सिजन वापरून बनवतात. म्हणजे ऑक्सिजन लागतोच, फक्त उधारी फेडताना. धापेची कारणं आणखीही आहेत, पण तुम्ही उभे असूनही श्वास जोरात चालू राहतो त्यातला काही भाग या भरपाईचा असतो. प्रयोगात मांडीचा रक्तप्रवाह पट्टा आवळून रोखला, तर ही भरपाई होतच नाही.

म्हणून मला 'दम लागणे'पेक्षा 'दम खाणे' जास्त नेमकं वाटतं. खर्चलेल्यातलं निम्मं अर्ध्या-एक मिनिटात परत येतं, बहुतेक सगळं ३ ते ५ मिनिटांत. गाडी चुकली आणि वीस सेकंदांत समोरच्या फलाटाकडे धावलात, तर वेग पहिल्याइतका मिळणार नाही. पाच मिनिटं बाकावर बसून धावलात, तर जवळपास पहिल्याइतकाच मिळेल. जिममध्ये जड वजनाच्या दोन सेटमध्ये ट्रेनर तीन मिनिटं थांबवतो, ते याचसाठी. तिथे मात्र तो 'रेस्ट घ्या' म्हणतो, 'दम खा' म्हणत नाही.