शंखातला समुद्र कळशीने समजावला तेव्हा

प्रश्न: माझी ५ वर्षांची मुलगी विचारते, शंख कानाला लावला की त्यात समुद्र कसा ऐकू येतो? तिला खरं कारण कसं सांगू?

माझ्या आईने माझ्या लेकीला हे गुहागरच्या किनाऱ्यावर सांगितलं, तेव्हा मी शेजारीच चपला सांभाळत बसलो होतो. लेक तेव्हा ७ वर्षांची. मुठीएवढा शंख तिला सापडला होता. आईने आधी तो उलटा करून आत खेकडा बसलेला नाही ना ते बघितलं, मग पाण्यात खळबळून वाळू काढली. वाळू भरलेल्या शंखातून नीट आवाज येत नाही.

“आजी, आत समुद्र आहे!”

“हो का? मग हा ऐक बघू.” आईने दुसऱ्या हातातला चहाचा स्टीलचा पेला रिकामा करून तिच्या कानाला लावला. पेल्यातूनही तसाच घूं घूं आवाज. मग नुसती ओंजळ. त्यातूनही आला, जरा बारीक.

लेक गोंधळली. “पण दादा म्हणतो, तो आपल्याच रक्ताचा आवाज असतो.”

दादा म्हणजे माझा पुतण्या. हे उत्तर बऱ्याच मोठ्या माणसांनाही खरं वाटतं. आई म्हणाली, “मग त्या होडीपर्यंत पळत जा नि ये. छाती धडधडली की आवाज वाढायला हवा ना?” ती धापा टाकत आली, शंख लावला. छाती धाडधाड उडत होती, शंख मात्र होता तसाच. (बाहेरचा काहीच आवाज पोचत नाही अशा खोलीत नेमकं उलटं होतं: रक्त वाहत असतं, पण शंख मुका होतो.)

मग आईने कळशी काढली. म्हणजे बोलण्यात. “नळाखाली कळशी लावली की मी आत स्वयंपाकघरात असते, तरी भरत आली ते मला कसं कळतं?”

“आवाज बदलतो.”

“कसा?”

लेकीने तोंडाने करून दाखवला. आधी जाड घळघळ, मग वर चढत चढत बारीक.

“पाणी तेच, नळ तोच. कमी काय होतं? कळशीतली हवा. खूप हवा असली की ती जाड आवाजाला साथ देते, थोडी उरली की बारीक आवाजाला. पाण्याच्या गोंगाटात सगळेच आवाज असतात गो, कळशी त्यातला आपला तेवढा निवडून मोठा करते. शंखही तेच करतो.”

यापेक्षा सोपं मला जमलं नसतं. मुलगी मोठी झाली की हिशेबही सांगा. एका बाजूने बंद असलेल्या सरळ भांड्यात त्याच्या खोलीच्या साधारण चौपट लांबीचा ध्वनितरंग घुमतो. पेला १० सेंटिमीटर खोल असेल तर तरंग ४० सेंटिमीटरचा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाला साधारण ८५० कंपनं. अर्धा पेला पाण्याने भरला की हे दुप्पट होतं. शंखाला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण त्याची पोकळी वळत वळत रुंदावते. पण मोठ्या शंखाचा आवाज जाड आणि लहानाचा बारीक, एवढं नक्की. शिवाय त्यात एकच सूर घुमत नाही, बरेच जवळजवळचे घुमतात, म्हणून शिट्टी न वाजता खळखळ ऐकू येते. हात जरा हलला, कान आणि शंख यांतली फट बदलली, की आवाज चढतो-उतरतो. आपण त्यालाच लाटा म्हणतो.

लेकीचा शेवटचा प्रश्न मला आवडला. “म्हणजे आत समुद्र नाहीच?”

“इथे आहे की. इथे गोंगाट कोणाचा चाललाय? समोरच्या लाटांचाच. त्यातलाच वेचून तो तुला देतोय. पुण्याला नेलास तर तिथला देईल.”

आणि तसंच झालं. पुण्यात एका रात्री झोपताना तिने शंख कानाला धरला होता आणि लाइट गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, खिडक्या बंदच होत्या. दोन मिनिटांनी अंधारातून आवाज आला, “बाबा, समुद्र बंद पडला.” मी लावून बघितला. जवळजवळ काहीच नाही. तेवढ्यात खालून एक रिक्षा गेली आणि शंखात झकास लाट आली.

तिने लगेच आजीला फोन लावला. आई झोपेतूनच म्हणाली, “पंखा सुरू झाला की येईल हो परत.”